निनावी प्रतिक्रियांतले मौन मोजायचे कसे?

बातम्यांखालच्या प्रतिक्रिया निनावी असाव्यात की खऱ्या नावाने, हा वाद पेटला की दोन विधाने हमखास पुढे येतात. पहिले असे की निनावी माणसाला कशाचीच भीती नसते, म्हणून बहुमताच्या धाकाने माणसे गप्प बसतात हा जुना सिद्धांत इंटरनेटवर लागूच होत नाही. दुसरे नेमके उलटे: पन्नासपैकी चाळीस प्रतिक्रिया एकाच बाजूच्या दिसतात, म्हणजे दुसऱ्या बाजूचे लोक दबलेले आहेत आणि सिद्धांत सिद्ध झाला. ही दोन्ही विधाने एकाच चुकीवर उभी आहेत. दोन्ही पक्ष जे लिहिले गेले त्याकडे बघून जे लिहिले गेले नाही त्याबद्दल निकाल देतात. या लेखाचे म्हणणे असे, की नाव लपवल्याने मौन संपत नाही. पण मौन आढळले म्हणून त्याचे आवर्त, म्हणजे एकाला गप्प पाहून दुसराही गप्प बसत जाण्याचे चक्र, तयार झाले असेही ठरत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, आणि त्यासाठी प्रतिक्रियांचा ढीग चाळून उपयोग नाही, प्रयोग मांडावा लागतो.

सिद्धांत मुळात काय सांगतो ते आधी पाहू. जर्मन जनमत-संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉयमन यांनी १९७४ साली ‘स्पायरल ऑफ सायलेन्स’ म्हणजे मौनाचे आवर्त ही कल्पना मांडली. तिच्या मुळाशी १९६५च्या पश्चिम जर्मन निवडणुकीचे कोडे होते. मत कोणाला देणार या प्रश्नावर दोन मोठे पक्ष अनेक महिने जवळजवळ बरोबरीत होते, पण जिंकणार कोण या प्रश्नाचे उत्तर मात्र ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाच्या बाजूने झुकत गेले. शेवटी निकालही तसाच लागला: ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाच्या आघाडीला ४७.६ टक्के आणि सोशल डेमोक्रॅट पक्षाला ३९.३ टक्के मते. नोएल-नॉयमन यांचे स्पष्टीकरण असे, की माणसाला एकटे पडण्याची भीती असते, त्यामुळे तो भोवतीच्या मतांचा अंदाज सतत घेत राहतो. आपले मत मागे पडते आहे असे वाटले की तो बोलायचे टाळतो. तो गप्प बसल्याने ते मत आणखी दुबळे दिसते, मग दुसरा गप्प बसतो. बोलण्याची तयारी मोजायला त्यांनी एक प्रश्न वापरला: पाच तासांच्या रेल्वे प्रवासात डब्यातला एखादा सहप्रवासी या विषयावर बोलू लागला, तर तुम्ही त्याच्याशी बोलाल का? हा प्रश्न लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यातला समोरचा माणूस अनोळखी आहे. सिद्धांताने पहिल्यापासून अनोळखी माणसासमोरच्या भीतीबद्दलच बोलायचे ठरवले होते.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. एकटे पडण्याची भीती म्हणजे शिक्षेची भीती, आणि माणूस कोण हेच कळले नाही तर शिक्षा करणार कोणाला? याला इतिहासाचा आधार आहे. ब्रिटनमध्ये १८७२पर्यंत मतदाराला आपले मत उघड सांगावे लागे आणि ते नावानिशी नोंदले जाई. जमीनदार आणि मालक त्यावरून हिशेब चुकते करत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ साली आणि ब्रिटनने १८७२ साली गुप्त मतदान आणले, आणि त्या दडपणाचा कणा मोडला. प्रयोगशाळेतला पुरावाही त्याच दिशेचा आहे. सॉलोमन ॲश यांच्या १९५०च्या दशकातल्या रेषांच्या प्रयोगात गटाने मुद्दाम चुकीचे उत्तर दिल्यावर सुमारे एक तृतीयांश वेळा सहभागी माणूसही चुकला, पण उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिले तेव्हा हे प्रमाण बरेच खाली आले. १९५५ साली मॉर्टन डॉइच आणि हॅरॉल्ड जेरार्ड यांनी सहभागींना आडोशामागे निनावी ठेवले, तेव्हाही गटाचा प्रभाव घटला. हे सगळे मान्य केलेच पाहिजे. निनावीपण काम करते.

पण डॉइच आणि जेरार्ड यांच्या प्रयोगात प्रभाव घटला, संपला नाही. का? माणूस दोन कारणांनी गटाकडे झुकतो. एक म्हणजे लोक काय म्हणतील ही भीती, आणि दुसरे म्हणजे ‘इतक्या जणांना असे दिसते आहे, मग माझेच चुकत असेल’ ही शंका. नाव लपवल्याने पहिले कारण सैल होते, दुसरे जागच्या जागी राहते. गुप्त मतदानाचे उदाहरण इथे नीट पाहिले तर उलटे वळते. त्या पद्धतीने एक नव्हे, दोन गोष्टी झाकल्या. जुन्या उघड मतदानात मतदाराचे नाव दिसायचेच, शिवाय दिवसभरात कोण किती मतांनी पुढे आहे हा आकडाही जाहीर होत राहायचा. मतपेटीने नाव झाकले आणि चालू मोजणीही झाकली. निनावी प्रतिक्रियांत यातली फक्त पहिली गोष्ट झाकलेली असते. लिहिण्याच्या चौकटीच्या अगदी वर आधीच्या शंभर जणांची मते, त्यांना मिळालेल्या पसंत्या आणि नापसंत्या अंकांसकट मांडलेल्या असतात. नाव झाकलेले आणि मोजणी उघडी अशा व्यवस्थेला गुप्त मतदान म्हणता येईल का?

शिवाय निनावीपण ही एकच वस्तू नाही. रोज नवे, कोणतेही नाव नसलेले लिहिणे वेगळे, आणि वर्षानुवर्षे एकाच टोपणनावाने लिहिणे वेगळे. टोपणनावाला पत असते, जुने मित्र असतात, गमावण्यासारखे बरेच असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, निनावी पण गटाची जाणीव तीव्र असलेली माणसे कधीकधी गटाच्या रीतीकडे जास्तच झुकतात. रसेल स्पिअर्स, मार्टिन ली आणि टॉम पोस्टमेस यांच्या संशोधनातला हा मुद्दा ‘निनावी म्हणजे निर्भय’ मानणाऱ्यांच्या लक्षात आलेला नसतो. समोरची माणसे व्यक्ती म्हणून दिसेनाशी झाली की त्यांच्यातले फरकही दिसेनासे होतात. उरते ते फक्त ‘आपण’ आणि ‘ते’.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू, जो चाळीस विरुद्ध दहा हा आकडा दाखवून सिद्धांत सिद्ध झाल्याचे सांगतो. एक हजार वाचक धरा. पहिल्या शक्यतेत त्यातले ८०० खरोखरच एका मताचे आहेत, २०० दुसऱ्या, आणि दोन्हींकडचे पाच टक्के लोक लिहितात. प्रतिक्रिया येतात ४० आणि १०. दुसऱ्या शक्यतेत वाचक ५००–५०० असे समान विभागलेले आहेत, पण एका बाजूचे आठ टक्के लिहितात आणि दुसरीकडचे बिचकून दोनच टक्के. पुन्हा ४० आणि १०. तिसऱ्या शक्यतेत वाचक समान विभागलेले आहेत, लिहिणारेही दोन्हींकडे दहा-दहाच आहेत, पण एका बाजूचा प्रत्येक जण चार-चार वेळा लिहितो. तरीही ४० आणि १०. चौथी शक्यता संपादकाने काढून टाकलेल्या प्रतिक्रियांची. पडद्यावर चारही वेळा हुबेहूब तेच चित्र दिसते, आणि मौनाचा सिद्धांत त्यातल्या एकाच शक्यतेत खरा आहे. लाखो प्रतिक्रिया गोळा करून संगणकाने त्यांची बाजू ठरवली तरी हा पेच सुटत नाही, कारण कमी पडतो तो छेद: किती जणांनी वाचले, त्यांचे मत काय होते, आणि त्यातल्या किती जणांनी लिहिले नाही. उलट दिशेचा युक्तिवादही तितकाच पोकळ आहे. बहुमताला शिव्या घालणारे दहा जण दिसले म्हणजे कोणीच घाबरत नाही असे होत नाही. काहीही झाले तरी बोलणारा एक कडवा गाभा असतो, हे नोएल-नॉयमन यांनीच सांगितले होते. मात्र इथे सिद्धांताच्या समर्थकांनाही एक अट घालायला हवी. कडवा कोण, हे तो बोलल्यावर ठरवायचे नाही. तसे केले तर जो बोलला तो कडवा आणि जो गप्प बसला तो दबलेला, म्हणजे सिद्धांत कधीच खोटा ठरणार नाही.

मग चाचणी कशी घ्यायची? मतांचे वातावरण आपण ठरवायचे आणि ते कोणाला दिसेल ते चिठ्ठी टाकून ठरवायचे, हाच मार्ग आहे. विषय नैतिक धार असलेला हवा, कारण सिद्धांत तशाच विषयांबद्दल बोलतो. दोन आणि दोन किती होतात यावर कोणी एकटे पडत नाही. इच्छामरणाला कायदेशीर परवानगी असावी का, हा विषय घेऊ. मुख्य प्रयोगाच्या निदान एक आठवडा आधी सहभागींना दहा-बारा विषयांवरची मते सात पायऱ्यांच्या मोजपट्टीवर विचारायची. इच्छामरणाचा प्रश्न त्यात मध्येच कुठेतरी मिसळलेला असावा, म्हणजे हेतू ओळखू येणार नाही. मत किती पक्के आहे हेही त्याच वेळी विचारून ठेवायचे. कडवा गाभा ठरवायचा तो इथेच. मोजपट्टीच्या बरोबर मध्यावर असलेल्यांना बाजूच नाही, तेव्हा त्यांचा हिशेब वेगळा ठेवायचा.

आठवड्यानंतर सगळ्यांना एकच लेख वाचायला द्यायचा आणि त्याखाली बारा प्रतिक्रिया दाखवायच्या. काहींना दहा बाजूने आणि दोन विरोधात, काहींना सहा-सहा, काहींना दोन आणि दहा. दोन्ही बाजूंच्या प्रतिक्रियांची लांबी, सभ्यता आणि युक्तिवादाचा दर्जा सारखा आहे ना, हे आधी वेगळ्या लोकांकडून तपासून घ्यावे लागते. नाहीतर माणूस संख्येला बिचकला की उर्मटपणाला, ते कळणार नाही. खोट्या प्रतिक्रिया रचण्यापेक्षा खऱ्या प्रतिक्रियांच्या मोठ्या साठ्यातून निवड करणे बरे. त्यात फसवणूक कमी, आणि जी उरते ती शेवटी सहभागींना समजावून सांगता येते. खाली खरी लिहिण्याची चौकट द्यायची, आणि लिहिणे पूर्णपणे ऐच्छिक ठेवायचे. अर्ध्यांना ते खऱ्या नावाने लिहीत आहेत असे दिसेल, अर्ध्यांना नाव नसेल.

या विषयावरच्या अनेक अभ्यासांची गाडी अडते ती याच चौकटीपाशी. त्यांत विचारलेले असते, ‘अशा ठिकाणी तुम्ही लिहाल का?’ आपण काय करू याचा अंदाज आणि आपण खरोखर काय करतो यात अंतर असते, आणि धैर्याच्या बाबतीत ते अंतर स्वतःला झुकते माप देणारे असते. म्हणून कृती मोजायची. मात्र कृतीतही फक्त ‘पाठवले की नाही’ एवढेच पाहणे तोकडे आहे. सौविक दास आणि फेसबुकचे ॲडम क्रेमर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फेसबुकच्या ३९ लाख वापरकर्त्यांच्या १७ दिवसांच्या नोंदी तपासल्या. पाचपेक्षा जास्त अक्षरे टाइप करून दहा मिनिटांत काहीच न पाठवणे, ही त्यांची खूण होती. निदान एकदा तरी असे करणारे ७१ टक्के निघाले. त्यांनी मजकूर साठवला नाही, फक्त काही टाइप झाले होते एवढीच नोंद घेतली. हीच मर्यादा इथेही पाळावी. टाइप करून पुसलेली प्रतिक्रिया हा मौनाचा सर्वांत जवळचा पुरावा आहे, कारण ‘मला काही म्हणायचेच नव्हते’ हे कारण तिथे बाद होते.

नुसत्या न लिहिण्यामागे मात्र भीतीखेरीज बरेच काही असू शकते. ज्याच्या बाजूच्या दहा प्रतिक्रिया आधीच आहेत तो म्हणतो, माझे सगळे सांगून झाले आहे. ज्याच्या बाजूच्या दोनच आहेत त्याला उलट वाटू शकते, की आता मी तोल सावरला पाहिजे. हे दोन्ही प्रवाह सिद्धांताच्या विरुद्ध वाहतात आणि खऱ्या भीतीचा परिणाम झाकून टाकू शकतात. म्हणून सहा-सहाची पायरी आणि प्रतिक्रियाच न दाखवलेला एक गट, हे दोन्ही आवश्यक आहेत. त्यांच्याशी तुलना केल्यावरच अल्पमतवाले गप्प झाले की बहुमतवाले बोलके झाले, ते कळते. बघणाऱ्याने खाली सरकून प्रतिक्रिया वाचल्याच नाहीत, असेही होते. अशांना हिशेबातून वगळण्याचा मोह होतो, पण वगळले की चिठ्ठीने मिळवलेली समानता गेली. मुख्य हिशेबात सगळे मोजावेत, आणि ‘शंभर वाचकांपैकी किती जण तुमच्या मताचे असतील?’ हा प्रश्न लिहिण्याची संधी संपल्यावर विचारावा. आधी विचारला तर तो प्रश्नच वातावरणाची आठवण करून देतो.

आता माणसे किती लागतील ते पाहू. ‘निनावी ठिकाणी परिणाम दिसला नाही’ असे सांगणारे बरेच निष्कर्ष याच जागी निसटतात. समजा अनुकूल वातावरणात २० टक्के लोक लिहितात आणि प्रतिकूल वातावरणात १४ टक्के. हा सहा टक्क्यांचा फरक, संशोधनातल्या नेहमीच्या निकषाप्रमाणे, पाचपैकी चार वेळा पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे ६१० माणसे हवीत. गटात शंभरच माणसे घेतली, तर फरक खरोखर असूनही तो पाचपैकी एकदाच हाती लागेल. उरलेल्या चार वेळा संशोधक लिहील की भीती आढळली नाही. आणि निनावीपणाने भीती निम्मी होते का हा प्रश्न याहून महाग आहे, कारण आता दोन फरकांमधला तीन टक्क्यांचा फरक शोधायचा आहे. खऱ्या नावाचे आणि निनावी, दोन्हींत अनुकूल आणि प्रतिकूल असे चार गट, आणि प्रत्येकात साधारण आठपट, म्हणजे जवळपास ४,९०० माणसे. एकूण १९–२० हजार. दोनशे विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासाने या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणे म्हणजे न शोधता न सापडल्याचे जाहीर करणे होय.

इथे टीकाकार म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे, की जो परिणाम शोधायला वीस हजार माणसे लागतात तो मुळात इतका किरकोळ आहे, की त्यावर जनमताचा सिद्धांत उभारता येत नाही. आकडे त्यांच्या बाजूने आहेत. कॅरोल ग्लिन, ॲन्ड्र्यू हेज आणि जेम्स शॅनहॅन यांनी १९९७ साली १७ सर्वेक्षणे एकत्र केली, त्यात वातावरण आणि बोलण्याची तयारी यांचा सहसंबंध ०.०५च्या आसपास निघाला. या मापात शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध. जॉर्ग मॅथेस आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ६६ अभ्यास आणि २७ हजारांहून अधिक सहभागी एकत्र केले, तेव्हा तो ०.१० आला. याच संकलनात ऑनलाइन आणि ऑफलाइन वातावरणांत फरक आढळला नाही, आणि मौनाचा परिणाम सर्वाधिक दिसला तो घरच्यांशी, मित्रांशी, शेजाऱ्यांशी बोलताना. सिद्धांताच्या समर्थकांचे यावरचे ठरलेले उत्तर असे, की परिणाम छोटा असला तरी तो फेरीगणिक साचत जातो, आवर्त म्हणतात ते यालाच. हे उत्तर ऐकायला पटते. पण हिशेबाला टिकते का?

करून पाहू. पन्नास-पन्नास असे विभागलेले शंभर वाचक दहा-दोन अशा वातावरणात आणले. अनुकूल बाजूचे २० टक्के लिहितात, म्हणजे दहा जण. प्रतिकूल बाजूचे १४ टक्के, म्हणजे सात. नव्या प्रतिक्रियांत बहुमताचा वाटा सतरापैकी दहा, सुमारे ५९ टक्के. सुरुवातीला तो ८३ टक्के होता. पुढच्या शंभर वाचकांना आता ५९–४१चे वातावरण दिसेल, त्यांच्यातला फरक आणखी कमी असेल, आणि तोल पन्नासकडे सरकत जाईल. म्हणजे मौन खरे आहे, पण त्याचे आवर्त होत नाही, ते विरते. ८३ टक्क्यांचा कल नुसता टिकवायचा तरी दोन बाजूंच्या लिहिण्यात पाचास एक असे प्रमाण लागेल: २० टक्क्यांसमोर चारच टक्के. ०.१०चा सहसंबंध त्याच्या जवळपासही जात नाही. एका फेरीच्या प्रयोगावरून ‘आवर्त सापडले’ म्हणणारे इथे उघडे पडतात. त्यांनी मौन मोजलेले असते.

त्यामुळे चाचणीचा दुसरा टप्पा अनेक फेऱ्यांचा असायला हवा. मॅथ्यू सॅलगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली १४,३४१ लोकांवर गाण्यांच्या आवडीचा असा प्रयोग केला. तीच गाणी आठ समांतर जगांत ठेवली, प्रत्येक जगात आधीच्या लोकांच्या पसंतीचे आकडे पुढच्यांना दिसत, आणि काही गाणी एका जगात वर गेली तर दुसऱ्यात खाली राहिली. प्रतिक्रियांसाठी तसेच करता येईल. दहा-दोन, सहा-सहा आणि दोन-दहा अशा तीन सुरुवाती, प्रत्येकीची आठ जगे, प्रत्येक फेरीला नवे शंभर वाचक. एका फेरीत जे लिहिले गेले ते पुढच्या फेरीला दिसेल. मोजायचा तो फक्त नव्या प्रतिक्रियांचा कल, कारण सुरुवातीच्या बारा धरल्या तर आपण पेरलेलेच आपल्याला उगवलेले दिसेल. आणि हिशेबाचे एकक माणूस नव्हे, जग आहे. वाचक हजारो असले तरी स्वतंत्र निरीक्षणे २४च, कारण एका जगातले वाचक एकमेकांच्या प्रभावाखाली आहेत. वेगळ्या सुरुवातीची जगे एकमेकांपासून दूरच राहिली किंवा आणखी दूर गेली, तर आवर्त आहे. सगळी सहा-सहाच्या जवळ आली, तर निदान या विषयावर आणि या वाचकांत सिद्धांताचा तो भाग खोटा ठरला, हे मान्य करावे लागेल.

यात एक घटक मुद्दाम बदलून पाहायला हवा: क्रमवारी. वरचा हिशेब नव्या प्रतिक्रिया वर दिसतात असे धरून केला आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी जास्त पसंतीची प्रतिक्रिया वर राहते, आणि पसंती स्वतःच कळपाने वाढते. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका संकेतस्थळावरच्या १,०१,२८१ प्रतिक्रिया घेऊन त्यांतल्या काहींना चिठ्ठीने सुरुवातीलाच एक पसंती दिली, काहींना एक नापसंती. पसंती मिळालेल्यांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाले, तर नापसंतीचा परिणाम नंतरच्या वाचकांनी भरून काढला. ही मते निनावी बोटांनीच दिली होती. आता दहा-दोनची ती पहिली पाटी पसंतीच्या जोरावर कायम वर अडकून राहिली असे समजा. पुढच्या प्रत्येक वाचकाला ५९–४१ नव्हे, ८३–१७च दिसत राहील, आणि जे मौन विरून जायला हवे होते ते प्रत्येक फेरीत नव्याने तयार होईल. तेव्हा समांतर जगांची अर्धी संख्या वेळेच्या क्रमाने आणि अर्धी पसंतीच्या क्रमाने चालवावी. पहिल्या प्रकारात कल विरला आणि दुसऱ्यात टिकला, तर दोष नाव असण्या-नसण्याचा नाही, मांडणीचा आहे, असे आकड्यांनिशी म्हणता येईल. खऱ्या नावाची सक्ती करून त्यावर उपाय होणार नाही. दक्षिण कोरियाने मोठ्या संकेतस्थळांवर २००७पासून तशी सक्ती करून पाहिली, आणि २०१२च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवून रद्द केली.

या चाचणीला एक मर्यादा राहते, ती प्रयोग कितीही मोठा केला तरी जात नाही. प्रयोगात आलेला माणूस वाचायला आणि बहुधा लिहायलाही तयार होऊनच आलेला असतो. प्रतिक्रियांचा रंग पाहून ज्याने वर्षापूर्वीच त्या उघडणे सोडले, तो कोणत्याही गटात सापडणार नाही. त्याचा माग काढायचा तर एखाद्या संकेतस्थळाने नोंदणी केलेल्या वाचकांना दीर्घकाळ, त्यांच्या संमतीने, दर काही महिन्यांनी मत विचारत राहायला हवे, आणि त्यातले कोण लिहिणे थांबवतात, कोण वाचणेच थांबवतात, आणि थांबण्याच्या आधीच्या आठवड्यांत त्यांना कोणते वातावरण दिसत होते, हे जुळवून पाहायला हवे. अशा नोंदी संकेतस्थळांच्या मालकांकडे असतात, संशोधकांकडे क्वचितच.